डॉक्टरसाहेब, ब्लॉक मिळेल का?

‘मेडिक्लेमसाठी फाइल हवीय असं सांग,’ हा सल्ला माझा. मावसभाऊ लातूरला सर्जनच्या दवाखान्याबाहेर उभा होता, मी पुण्यात फोनवर. मावशीच्या स्तनातल्या गाठीचा तपासणी अहवाल कॅन्सर म्हणून आला होता आणि पुढच्या गुरुवारी ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी एकदा मुंबईत दाखवून यावं असं घरात सगळ्यांचं म्हणणं होतं, पण डॉक्टरांसमोर ते बोलायचं कुणी हा प्रश्न होता. याच डॉक्टरांनी मावशीच्या मोठ्या दिरांचं हर्नियाचं ऑपरेशन केलेलं, भावाच्या बायकोचं अपेंडिक्स काढलेलं. ‘दुसरीकडे दाखवायचंय’ म्हटलं तर त्यांना काय वाटेल? मग मी शहाणपणा करून ते मेडिक्लेमचं कारण सुचवलं. सहकारी बँकेत नोकरी असल्याने भावाकडे पॉलिसी खरोखरच होती, त्यामुळे खोटं अगदी बेमालूम बसलं.

फाइल दुसऱ्या दिवशी मिळाली. केसपेपरच्या झेरॉक्सवर शिक्का मारलेला, बिलं, पावत्या, बायोप्सीचा अहवाल, सोनोग्राफीचा अहवाल. रिसेप्शनवरच्या मुलीने क्लेमसाठी लागणारं एक प्रमाणपत्रही आपण होऊन जोडलं. ती फाइल घेऊन मावशी आणि भाऊ रात्रीच्या गाडीने मुंबईला आले. मोठ्या रुग्णालयात नंबर लागला, तिथल्या डॉक्टरांनी मावशीला नीट तपासलं, अहवाल वाचला आणि विचारलं, ‘ब्लॉक आणि स्लाइड आणल्यात?’

भावाला वाटलं, ब्लॉक म्हणजे कसला तरी फॉर्म असावा.

परत लातूर, परत मुंबई, मधे एक शनिवार-रविवार आणि एक सुट्टी, असे अकरा दिवस गेले. रिसेप्शनच्या मुलीची यात काहीच चूक नव्हती. आम्ही मेडिक्लेम म्हटलं आणि तिने मेडिक्लेमला लागतं ते सगळं दिलं. विमा कंपनीला पैसे किती लागले, कशासाठी लागले आणि आजार खरा आहे का, एवढंच बघायचं असतं. दुसऱ्या डॉक्टरला निदान स्वतः पुन्हा करून बघायचं असतं. या दोन कामांचे कागद वेगळे असतात आणि एक महत्त्वाची वस्तू तर कागद नसतेच. ‘फाइल हरवली, नवी द्या’ किंवा ‘नात्यातले एक डॉक्टर आहेत, त्यांना सहज दाखवतो’ म्हणणाऱ्यांचंही थोड्याफार फरकाने आमच्यासारखंच होतं. समोरच्याला खरं कारण कळलं नाही, तर नेमकं काय द्यायचं हे त्याला कळायला मार्ग नसतो.

ती वस्तू काय असते ते आधी सांगतो. गाठीत सुई घालून तुकडा काढतात तेव्हा शेवयांच्या तुकड्यांसारख्या बारीक पट्ट्या निघतात. त्या फॉर्मॅलिनमध्ये बुडवून लॅबला पाठवतात. तिथे त्यातलं पाणी काढून त्यांच्यात पातळ केलेलं पॅराफिन मेण मुरवतात आणि मेणाच्याच छोट्या वडीत त्या बसवतात. काड्यापेटीहून किंचित लहान, प्लास्टिकच्या चौकटीला चिकटलेली ही वडी म्हणजे ब्लॉक. तिच्यावरून मायक्रोटोम नावाच्या यंत्राने तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. काप काचपट्टीवर पसरून गुलाबी-जांभळा रंग दिला की ती झाली स्लाइड. पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली बघतो ती हीच. अहवाल हे त्याने जे पाहिलं त्याचं वर्णन असतं. अहवालाची झेरॉक्स घेऊन गेलो तर दुसरा पॅथॉलॉजिस्ट पहिल्याचं वर्णन वाचेल. त्याला स्वतःचं मत द्यायचं तर स्लाइड हवी, आणि आणखी तपासण्या करायच्या तर ब्लॉक हवा. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी बाहेरून निदान होऊन आलेल्या रुग्णाकडे स्लाइड आणि ब्लॉक मागतात ते याचसाठी. उपचार ठरवण्याआधी तिथले पॅथॉलॉजिस्ट स्लाइड स्वतः पुन्हा पाहतात.

मावशीच्या अहवालात एक ओळ होती. ईआर आणि पीआर पॉझिटिव्ह, हर-टू दोन प्लस, ‘फिश तपासणीचा सल्ला’. घरात ती सगळ्यांनी वाचली होती आणि कुणालाच कळली नव्हती. मावशी पंढरीची माळकरी. ‘मला कसली फिश करायला लावता रे?’ म्हणून तिने हात जोडले होते. हर-टू हे पेशीवरचं एक प्रथिन. ते किती आहे याला शून्य ते तीन प्लस असे गुण देतात. तीन प्लस म्हणजे नक्की आहे, शून्य किंवा एक प्लस म्हणजे नेहमीच्या अर्थाने निगेटिव्ह. दोन प्लस म्हणजे रंगावरून नक्की सांगता येत नाही, जनुकाच्या प्रती मोजूनच ठरवावं लागेल. ती मोजणी म्हणजे फिश, आणि ती करायला ब्लॉकमधून नवे काप काढावे लागतात. लातूरच्या डॉक्टरांचा बेत असा होता की आधी ऑपरेशन करू, गाठ पूर्ण हातात आली की तिच्यावर फिश करू. असंही करतात. मुंबईच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं की गाठ साडेतीन सेंटिमीटरची आहे, काखेतही लागलंय, तेव्हा फिश आधी करू, कारण ते पॉझिटिव्ह आलं तर औषधं आधी आणि ऑपरेशन नंतर. सगळा निर्णय त्या वडीवर येऊन थांबला होता.

मग दुसऱ्या खेपेला मी स्वतः लातूरला गेलो. खोटं माझं होतं, तर निस्तरायलाही मीच हवा होतो.

डॉक्टरांना भेटायची वेळ ओपीडी संपतानाची घेतली. हे महत्त्वाचं आहे. बाहेर चाळीस माणसं बसलेली असताना, एक डोळा पुढच्या पेशंटवर असलेल्या डॉक्टरला ‘सेकंड ओपिनियन’ हा शब्द ऐकवला, की त्याला तेवढाच शब्द ऐकू जातो. दुसरं म्हणजे मावशीला बरोबर नेलं. आपल्याकडे पेशंटला घरी बसवून चार पुरुषांनी डॉक्टरकडे जायची पद्धत आहे, आणि तिने डॉक्टरला समोरून तक्रार आल्यासारखंच वाटतं. बोललीही मावशीच. आम्ही रात्री बसून वाक्यं ठरवली होती, पण तिने तिच्या पद्धतीने सांगितलं. ‘डॉक्टरसाहेब, इलाज तुमच्याकडंच करायचाय. पण एवढा मोठा आजार निघाला, पोरांच्या जिवाला घोर लागलाय. मुंबईला एकदा दाखवून येते. तिकडं ते ब्लॉक का काय म्हणतात ते मागतेत. तुम्ही म्हणाल तसं.’

डॉक्टर दोन क्षण गप्प बसले. मग हसून म्हणाले, ‘मावशी, हे आधी सांगितलं असतं तर ब्लॉक पहिल्या दिवशीच दिला असता. मेडिक्लेमचं कागद कशाला नेलं?’

मी खाली बघत होतो.

मावशीचं ते बोलणं मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं आहे, कारण त्यात लागतं ते सगळं होतं. कारण खरं सांगितलं. डॉक्टरांच्या निदानावर शंका आहे असं म्हटलं नाही, आजार मोठा आहे म्हणून जातो असं म्हटलं, आणि तेच खरं होतं. नेमकं काय हवं ते नावानिशी सांगितलं. ‘सगळे पेपर द्या’ ही मागणी डॉक्टरच्या कानाला वकिलाच्या नोटिशीसारखी लागते. ‘बायोप्सीचा ब्लॉक, स्लाइड आणि मॅमोग्राफीची सीडी’ म्हटलं की ती पेशंटची गरज वाटते. ‘तिकडं मागतेत’ म्हटल्याने एक गोष्ट आपोआप झाली, मागणी आमच्या मनातून आली नाही, वैद्यकीय कामासाठी आली. इलाज तुमच्याकडेच करायचाय हे वाक्य मात्र खरं असेल तरच म्हणावं. नसेल तर ‘तिकडचं मत घेऊन तुम्हाला येऊन सांगते’ एवढं पुरतं, आणि मग खरंच येऊन सांगावं.

काही वाक्यं टाळावीत. ‘गूगलवर वाचलं’ हे एक. ‘अमक्या डॉक्टरांनी सांगितलं की हे ऑपरेशन चुकीचं आहे’ हे दुसरं. त्या अमक्यांनी तुमची स्लाइड पाहिलेली नसते. आणि नियम-कायद्याचं नाव पहिल्या भेटीत काढू नये. ते खाली सांगतो, पण ते खिशात ठेवायचं, हातात धरायचं नाही.

डॉक्टर गप्प झाले त्या दोन क्षणांत त्यांच्या मनात काय आलं असेल, हे मी नंतर दुसऱ्या एका सर्जन मित्राला विचारलं. पेशंट जाईल, ही भीती असतेच, तो म्हणाला, पण ती पहिली नसते. पहिली भीती अशी की पेशंट दुसरीकडे जातो, तिथे कुणी म्हणतं ‘हे आधीच करायला हवं होतं’, आणि ते वाक्य वाढत वाढत गावात पसरतं. दुसरी भीती की पेशंट मधेच काढ्या-भस्मांकडे वळतो, सहा महिन्यांनी गाठ फुटलेली घेऊन परत येतो, आणि तेव्हा नातेवाईक म्हणतात तुम्ही वेळेवर ऑपरेशन केलं नाही. ही दुसरी भीती खोटी नाही. म्हणून कुठे दाखवणार आणि कधी परत येणार हे आपणच सांगावं. आम्ही रुग्णालयाचं नाव आणि पुढच्या मंगळवारची वेळ सांगितल्यावर डॉक्टरांचा चेहरा सैल झाला. त्यांनी लगेच पॅडवर पत्र लिहायला घेतलं.

या पत्राची किंमत फार आहे. केसपेपरच्या वीस पानांतून जे शोधावं लागतं ते त्यात अर्ध्या पानात असतं. गाठ पहिल्यांदा कधी लक्षात आली, तपासताना किती मोठी लागली, कोणत्या तपासण्या झाल्या, मधुमेह आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, त्यांचा स्वतःचा बेत काय होता आणि का. शेवटची गोष्ट डॉक्टर स्वतःहून लिहितीलच असं नाही. ‘तुमचं म्हणणं काय होतं तेही त्यात लिहाल का, म्हणजे तिकडच्यांना कळेल’, असं विचारलं तर बहुतेक जण लिहितात. आपलं मत विचारात घेतलं जातंय हे त्यांनाही बरं वाटतं. हे सौजन्य फक्त त्यांना खूश करण्यापुरतं नाही. दुसऱ्या डॉक्टरला पहिल्याचं मत कळलं नाही तर तो पहिल्यापासून सुरुवात करतो.

पत्र घेऊन लॅबमध्ये गेलो तर नवीन अडचण. ब्लॉक लॅबमध्ये नव्हता. ईआर-पीआरची तपासणी लातूरच्या लॅबमध्ये होत नसल्याने त्यांनी ब्लॉक पुण्याच्या मोठ्या लॅबला पाठवला होता आणि तो अजून परत आला नव्हता. जिल्ह्याच्या गावी हे नेहमीचं आहे, म्हणून डॉक्टरांना किंवा लॅबला पहिला प्रश्न हाच विचारावा की ब्लॉक सध्या कुठे आहे. आमच्या डॉक्टरांनी तिथूनच पुण्याला फोन केला आणि दोन दिवसांनी मी तो पुण्यात ताब्यात घेतला. मूळ स्लाइड लातूरच्याच लॅबमध्ये होत्या, त्या तिथून मिळाल्या.

ब्लॉक देताना लॅब रजिस्टरवर सही घेते. ब्लॉक मिळाला, त्याची जबाबदारी आमची, काम झाल्यावर परत करू, असा मजकूर असतो. त्याला बुजायचं कारण नाही. सुईच्या बायोप्सीत बहुतेकदा एकच ब्लॉक असतो, तो हरवला तर आधीच्या निदानाचा पुरावा कुणाकडेच उरत नाही. काप काढत गेलं की आतला तुकडा संपतही जातो. त्यामुळे काही पॅथॉलॉजिस्ट ब्लॉक द्यायला कचरतात आणि ‘नवे काप काढून स्लाइड देतो’ म्हणतात. हे टाळाटाळीचं बोलणं असेलच असं नाही. अशा वेळी जिथे जायचं तिथे विचारून घ्यावं की काप चालतील का, रंग न दिलेल्या किती स्लाइड हव्यात. फिशसारखी तपासणी करायची असेल तर बहुधा ब्लॉकच मागतील. ऑपरेशननंतरचा नमुना असेल तर ब्लॉक आठ-दहाही असतात. तेव्हा सगळे उचलायची गरज नसते. गाठ ज्यात नीट दिसते तो एक-दोन पॅथॉलॉजिस्टच निवडून देतो.

सही करण्याआधी एक काम करावं, ते आम्ही केलं म्हणून वाचलो. ब्लॉकच्या प्लास्टिकवर आणि स्लाइडच्या टोकाला एक क्रमांक लिहिलेला असतो. तोच अहवालावर असायला हवा. आम्हाला दिलेल्या तीन स्लाइडपैकी एकीचा शेवटचा आकडा वेगळा होता. लॅबमधल्या माणसाने ‘अरे, ही शेजारच्या खणातली’ म्हणत ती बदलून दिली. ती तशीच गेली असती तर दुसऱ्या कुणाच्या तरी आजारावर मावशीच्या नावाने मत आलं असतं. क्रमांक जुळवायला दोन मिनिटं लागतात. चष्मा मात्र न्यावा.

स्लाइड प्लास्टिकच्या डबीत ठेवाव्यात, नसेल तर लॅबकडेच मागावी. मावशीच्या पहिल्या फेरीनंतर कुणीतरी सांगितलं होतं की ब्लॉक फ्रिजमध्ये ठेवायचा. तशी गरज नाही, पण मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला तर मेण मऊ पडतं. खिशात, पर्समध्ये, सावलीत ठेवला तर पुरतं. कुरियरने पाठवू नये असं माझं मत आहे. एकच ब्लॉक असेल तर माणूस जावा.

फोटोंचं प्रकरण यापेक्षा सोपं, तरी लोक तिथेच फसतात. सीटी किंवा एमआरआय केला की शेकड्यांनी चित्रं निघतात. आपल्याला मिळते ती मोठी काळी फिल्म, तिच्यावर त्यातली निवडक चित्रं छापलेली असतात, तीही टपाल तिकिटाएवढी. दुसऱ्या रेडिओलॉजिस्टला सगळी चित्रं पुढेमागे फिरवत, उजेड-अंधार बदलत बघायची असतात. त्यासाठी डायकॉम नावाच्या रूपातली मूळ चित्रं हवीत, म्हणजे सीडी, पेनड्राइव्ह किंवा सेंटरने दिलेली लिंक. फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोवर कुणी मत देत असेल, तर त्या मताबद्दल जरा सावध राहावं. सीडी डॉक्टरांकडे मागू नये, त्यांच्याकडे ती नसते. स्कॅन सेंटरला पावती आणि आयडी क्रमांक दाखवून मागावी. सेंटरमधून निघण्याआधी ती तिथल्याच संगणकावर उघडून बघावी. आत DICOMDIR नावाची फाइल दिसली आणि चित्रं फिरली, की ठीक. काही सीडी रिकाम्याच निघतात, आणि हे दोनशे किलोमीटर गेल्यावर कळतं. लिंक असेल तर ती किती दिवस चालेल हे विचारावं.

आता खिशातली गोष्ट. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेत दोन वाक्यं आहेत. दाखल झालेल्या रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून 3 वर्षं ठेवायच्या, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर 72 तासांत द्यायच्या. ऑगस्ट 2023 मध्ये नवे नियम जाहीर झाले होते, त्यांतली मुदत लोक अजूनही सांगतात, पण ते नियम त्याच महिन्यात स्थगित केले गेले. त्याआधी 1996 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट म्हटलं होतं की केसपेपरच्या प्रती मागितल्यावर रुग्णालयाला किंवा डॉक्टरला गोपनीयतेचं कारण पुढे करता येणार नाही, प्रतींचे पैसे घेऊन त्या द्यायला हव्यात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत तर दुसरं मत घेण्याचा हक्क वेगळा कलम करून दिला आहे. महाराष्ट्रात 2021 पासून खासगी रुग्णालयांनी रुग्ण हक्कांची सनद भिंतीवर लावायची आहे. बऱ्याच ठिकाणी ती औषधाच्या जाहिरातीखाली झाकलेली असते, पण असते.

या नियमांच्या मर्यादाही लक्षात घ्याव्यात. 72 तासांचा आणि 3 वर्षांचा नियम मुख्यतः नोंदींचा आहे. मूळ केसपेपर रुग्णालयाकडेच राहतो, आपल्याला प्रत मिळते. ओपीडीतला कागद तर डॉक्टर आपल्याच हातात देतो. तो आपण जपला नाही, तर त्याच्याकडे प्रत असेलच असं नाही. ब्लॉक परत करण्याच्या अटीवर देणं ही रीत आहे. आणि ‘अधिकार दिलेल्या माणसाने’ या शब्दांचा अर्थ सरळ आहे. मुलगा असला तरी आईच्या सहीशिवाय तिची फाइल मागता येत नाही. रिसेप्शनवर नकार मिळाला म्हणून भांडणारे अनेक नातेवाईक इथे चुकीचे असतात. उद्या कुणी आपला दीर म्हणून येऊन आपली फाइल नेली तर चालेल का?

म्हणून अर्ज लिहून न्यावा, पेशंटच्या सहीचा. आमचा असा होता: ‘मी दिनांक अमुकपासून आपल्याकडे उपचार घेत आहे. नोंदणी क्रमांक अमुक. पुढील उपचाराबाबत दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्यायचे असल्याने केसपेपर व तपासणी अहवालांच्या प्रती आणि बायोप्सी क्रमांक अमुकचे ब्लॉक व स्लाइड मिळावेत, ही विनंती. माझ्या वतीने हे साहित्य स्वीकारण्याचा अधिकार मी माझ्या मुलास देत आहे. त्याचे ओळखपत्र सोबत जोडले आहे. प्रतींचा खर्च देण्यास तयार आहे. ब्लॉक काम झाल्यावर परत करू.’ खाली सही, तारीख, फोन. दोन प्रती न्याव्यात आणि एकीवर पोच घ्यावी. पोच मागतानाही ‘तुम्ही नाकारलं तर पुरावा’ असा आव नको. ‘आमच्या फाइलला एक प्रत राहू द्या’ म्हटलं की रिसेप्शनवर शिक्का मिळतो, आणि 72 तास त्या शिक्क्यावरच्या तारखेपासून मोजता येतात.

तरीही नाही मिळालं तर? मोठ्या रुग्णालयात डॉक्टरला सोडून मेडिकल रेकॉर्ड विभागात जावं. तिथे कागद देणं हे रोजचं काम असतं आणि त्यात कुणाचा मान-अपमान अडकलेला नसतो. तिथेही अडलं तर वैद्यकीय अधीक्षकांना भेटून ‘आपल्याकडे 72 तासांची पद्धत आहे ना’ असं विचारावं. खिशातला नियम इथे बाहेर काढायचा, तोही प्रश्न म्हणून. त्यानंतर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे लेखी तक्रार करता येते. पण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत आजार थांबत नाही. म्हणून तोवर नव्या ठिकाणी बायोप्सी आणि स्कॅन पुन्हा करून घेण्याची तयारी ठेवावी. पैसे जातात, सुई पुन्हा टोचते, पण दिवस वाचतात.

दिवसांचं गणित कागदांच्याही आधी विचारायचं असतं. ‘डॉक्टरसाहेब, दुसरीकडे दाखवायला आम्ही किती दिवस घेतले तर चालेल?’ हा प्रश्न मला सगळ्यांत सभ्य वाटतो, कारण त्यात परवानगीही आहे आणि सल्लाही. मावशीसारख्या आजारात दोन-तीन आठवडे सहसा घेता येतात. हार्ट अटॅक, पक्षाघात, फुटायला आलेलं अपेंडिक्स, अंगावर वेगाने चढणारा रक्ताचा कॅन्सर, इथे ब्लॉक आणि सीडी गोळा करत बसायचं नसतं. आम्ही खोट्यापायी घालवलेले अकरा दिवस मावशीला सोसले, हे आमचं नशीब.

फिशचा निकाल आठवडाभराने आला. पॉझिटिव्ह. आधी केमो आणि हर-टूवरचं औषध, मग ऑपरेशन, असं मुंबईच्या डॉक्टरांनी लिहून दिलं. तो कागद घेऊन मावशी पुन्हा लातूरच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तो दोनदा वाचला, एक झेरॉक्स आपल्या फाइलला लावून घेतली आणि म्हणाले, ‘बरं झालं आधी केली. सलाइन इथेच लावू, दर तीन आठवड्यांनी मुंबईला कशाला जाता?’ केमो लातूरला झाली. ऑपरेशनही त्यांनीच केलं.

ब्लॉक मी डिसेंबरात परत दिला. लॅबमधल्या माणसाने रजिस्टर काढलं, मे महिन्याचं पान उघडलं, माझ्या सहीसमोर तारीख घातली आणि विचारलं, ‘परत आणलात?’ त्या पानावर बाकीच्या सात नोंदींसमोरचा रकाना कोराच होता.